साठ लाखांचे कर्ज की पंचवीस हजारांचे भाडे: पहिले घर घेण्यापूर्वीचा हिशेब

भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा आणि हप्ता म्हणजे आपल्याच घरात मुरलेला पैसा, हे वाक्य पहिले घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने वडीलधाऱ्यांकडून किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडून ऐकलेले असते. त्यातले अर्धे खरे आहे. साठ लाखांचे कर्ज आठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५०,२०० रुपये येतो आणि पहिल्या वर्षात एकूण ६ लाख २ हजार रुपये भरले जातात. त्यांतले ४ लाख ७५ हजार व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते केवळ १ लाख २७ हजारांचे. व्याजाचा पैसा भाड्याइतकाच परत न येणारा असतो. म्हणून हप्ता आणि भाडे या दोन आकड्यांची थेट तुलना केली, तर तुलनाच चुकते आणि चुकलेल्या तुलनेवर वीस वर्षांचा निर्णय उभा राहतो.

हा लेख एकच उदाहरण धरून चालतो. पुण्याजवळ वाकडमध्ये पती-पत्नी दोघेही नोकरी करतात आणि भाड्याच्या दोन बेडरूमच्या सदनिकेत २५,००० रुपये भाडे देऊन राहतात. त्याच परिसरात, जवळपास तशीच, आठ-दहा वर्षे जुनी सदनिका ८० लाखांना मिळते आहे. दोघांच्या हातात मिळून महिन्याला दीड लाख रुपये येतात: एकाचे ८५,००० आणि दुसऱ्याचे ६५,०००. भाडे सोडून घरखर्च ५०,००० आहे आणि आजवरची शिल्लक ३६ लाख. यातले सर्व आकडे उदाहरणापुरते गृहीत धरलेले आहेत. वाचकाने प्रत्येक जागी स्वतःचा आकडा घालावा, कारण उत्तर शेवटी त्या आकड्यांतच दडलेले असते.

पहिली पायरी: घराची खरी किंमत काढणे

जाहिरातीतली किंमत ८० लाख असली, तरी तेवढ्यात घर ताब्यात येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून सात टक्के भरावे लागतात. ८० लाखांवर ते ५ लाख ६० हजार होतात. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले, तर एक टक्का सवलत मिळते, म्हणजे ८० हजार वाचतात. मात्र नवऱ्याचेही नाव लावायचे असेल, तर ती मिळेल असे धरून चालू नये. हे शुल्क करारातली रक्कम आणि सरकारी रेडी रेकनरप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. नोंदणी फी ३० हजार. दलाल एक टक्का घेतो असे धरले, तर ८० हजार. वकील, बँकेची प्रक्रिया फी, गहाणाचे मुद्रांक आणि सोसायटीचे हस्तांतरण शुल्क यांसाठी आणखी ८० हजार बाजूला ठेवावेत. हे सारे साडेसात लाखांवर जाते. स्वयंपाकघराचा ओटा, कपाटे, रंगकाम आणि थोडी वीजजोडणी यांसाठी साडेतीन लाख धरले, की ८० लाखांचे घर ९१ लाखांना पडते.

बँक या वरच्या ११ लाखांसाठी कर्ज देत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या मूल्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि त्या मूल्यात मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरली जात नाही. शिवाय बँकेचा मूल्यांकनकार घराचे मूल्य ७६ लाख ठरवील, तर ऐंशी टक्के ७६ लाखांचे निघतील. विक्रेत्याने काही रक्कम रोखीने मागितली, तर तेवढ्यावर कर्ज मिळत नाहीच, शिवाय व्यवहार बेकायदा होतो आणि पुढे घर विकताना आपली खरेदीची किंमत कागदावर कमी राहते. आपल्या उदाहरणात कर्ज ६० लाखांचे आहे. म्हणजे घरचे २० लाख आणि वरचे ११ लाख, मिळून ३१ लाख खिशातून द्यावे लागतात आणि शिल्लक फक्त पाच लाख उरते.

एक छोटी गोष्ट याच टप्प्यावर सांगून ठेवतो. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचे घर घेताना विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून तो सरकारकडे भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी असते. हा जादा खर्च नव्हे, ८० हजार विक्रेत्याच्या हिश्शातूनच जातात. पण ते कापायचे राहून गेले, तर व्याज आणि विलंब शुल्क मात्र आपल्या खिशातून जाते.

दुसरी पायरी: दोन्ही बाजूंचा परत न येणारा खर्च मांडणे

आता दोन रकाने करावेत. एका बाजूला घरमालक म्हणून वर्षभरात जो पैसा कायमचा जातो तो, आणि दुसऱ्या बाजूला भाडेकरू म्हणून जातो तो. हप्त्यातले मुद्दल पहिल्या रकान्यात धरायचे नाही, कारण ती आपलीच बचत आहे.

मालकाच्या रकान्यात पहिल्या वर्षाचे व्याज ४ लाख ७५ हजार येते. सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ७० हजार धरू. तिसरी रक्कम बहुतेक जण विसरतात. घरात गुंतलेले ३१ लाख मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी आणि म्युच्युअल फंड यांत विभागून ठेवले असते आणि कर वजा जाता त्यांवर सरासरी सात टक्के सुटले असते, तर वर्षाला २ लाख १७ हजार मिळाले असते. ते आता मिळणार नाहीत, म्हणून तोही खर्चच. बेरीज ७ लाख ६२ हजार. भाडेकरूच्या रकान्यात वर्षाचे भाडे ३ लाख, मेंटेनन्स त्यातच धरलेला.

फरक ४ लाख ६२ हजारांचा आहे. ८० लाखांच्या घराची किंमत पहिल्या वर्षी सुमारे पावणेसहा टक्क्यांनी वाढली, तरच तो भरून निघतो, आणि त्यात सुरुवातीचे ११ लाख अजून वसूल झालेले नाहीत. दरवर्षी व्याज थोडे घटते आणि भाडे वाढते, म्हणून हा फरक हळूहळू कमी होतो. पण तो उलटायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजणे हीच पुढची पायरी आहे.

कर्जावरील करसवलतीचा आधार इथे कुणी घेऊ पाहील. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घरासाठी ती नाही, आणि आज बहुतेक पगारदारांना नवी प्रणालीच परवडते. जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांनी आणखी एक बाजू पाहावी: व्याजाची वजावट मिळेल, पण आज घरभाडे भत्त्यावर मिळणारी सूट जाईल. दोन्हींच्या फरकाएवढाच लाभ धरावा.

तिसरी पायरी: किती वर्षे राहणार हे आधी ठरवणे

घर घ्यावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बाजारभावापेक्षा आपण तिथे किती वर्षे राहणार यावर जास्त अवलंबून असते. वरच्या उदाहरणात भाडे आणि मेंटेनन्स दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढतात, भाडेकरू दर तीन वर्षांनी घर बदलतो आणि त्यासाठी प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास हजार खर्च करतो, शिवाय मालक आणि भाडेकरू यांच्या मासिक खर्चातला फरक भाडेकरू प्रामाणिकपणे सात टक्क्यांवर गुंतवतो, असे धरून मी हिशेब केला. घर विकताना दोन टक्के खर्च धरला आणि भांडवली नफ्यावरील कर सोडून दिला.

घर तीन वर्षांत विकावे लागले, तर भाडेकरूच्या बरोबरीला येण्यासाठी त्याची किंमत दरवर्षी १०.४ टक्क्यांनी वाढायला हवी. आठ वर्षे राहिल्यास ६.८ टक्के पुरतात. पंधरा वर्षे राहिल्यास ५.६ टक्के. सुरुवातीचा मुद्रांक, दलाली आणि सजावटीचा खर्च तीनच वर्षांवर विभागला की तो अंगावर येतो, आणि पंधरा वर्षांवर विभागला की जाणवत नाही, एवढेच यामागचे कारण आहे.

आठ वर्षांचा हिशेब थोडा उलगडून सांगतो. या काळात हप्त्यांपोटी ४८ लाख १८ हजार रुपये भरले जातील. त्यानंतरही कर्ज ४६ लाख ३६ हजार शिल्लक असेल, म्हणजे फिटलेले मुद्दल पावणेचौदा लाखांच्याही आत. हा आकडा पाहून अनेकांना बँकेने फसवल्यासारखे वाटते. फसवणूक काही नसते, पण लांब मुदतीच्या कर्जात पहिल्या वर्षांचे हप्ते व्याजच खाऊन टाकते. दुसऱ्या बाजूला भाडेकरूच्या खात्यात त्याचे मूळचे ३१ लाख वाढून ५३ लाख झालेले असतील आणि दरमहा बाजूला टाकलेल्या फरकाचे ३३ लाख. मिळून साडेशहाऐंशी लाख.

आता घराची किंमत दरवर्षी चार टक्क्यांनी वाढली, तर विक्रीनंतर कर्ज फेडून मालकाच्या हातात सुमारे ६१ लाख उरतात. सहा टक्क्यांनी वाढली, तर साडेअठ्ठ्याहत्तर लाख. आठ टक्क्यांनी वाढली, तर पावणेनव्याण्णव लाख, आणि मग मालक भाडेकरूच्या बारा लाख पुढे जातो. दर नेहमी वाढतातच, हे गृहीत धरू नये. साधारण २०१४ ते २०२० या काळात पुण्याच्या अनेक भागांत घरांचे दर फारसे हलले नाहीत, आणि त्यानंतर ते चांगलेच वर गेले. ज्याने २०१४ मध्ये घेऊन २०१९ मध्ये बदलीमुळे विकले, त्याचा अनुभव आणि ज्याने २०२० मध्ये घेतले त्याचा अनुभव एकाच शहरातला असूनही जुळत नाही.

म्हणून पुढच्या सात-आठ वर्षांत बदली, परदेशात जाणे, गावी परतणे किंवा आई-वडिलांना आपल्याकडे आणावे लागून घर अपुरे पडणे, यांपैकी काही घडण्याची बऱ्यापैकी शक्यता असेल, तर मी भाड्याच्या बाजूने कौल देईन. मुलांची शाळा ठरलेली आहे, दोघांच्या नोकऱ्या याच शहरात रुजल्या आहेत आणि दहा-बारा वर्षे हलायचे नाही, असे मनापासून म्हणता येत असेल, तर चित्र बदलते.

चौथी पायरी: हप्त्याची वर्षभर तालीम

वरच्या हिशेबात एक गृहीत फार नाजूक आहे, आणि ते मोडले की निकालच उलटतो. भाडेकरू फरकाचा पैसा खरोखर गुंतवतो, असे आपण धरले. पहिल्या वर्षी तो फरक महिन्याला सुमारे ३१,००० रुपये आहे: हप्ता ५०,२०० आणि घराचा इतर खर्च ५,८००, त्यांतून २५,००० भाडे वजा. हे ३१,००० प्रवास, नवी गाडी आणि हॉटेल यांत विरघळले, तर आठ वर्षांनी भाडेकरूच्या हाती ५३ लाखच उरतात. मग घराची किंमत केवळ चार टक्क्यांनी वाढली, तरी मालक ६१ लाखांसह पुढे असतो. घरे घेणाऱ्यांची पिढी श्रीमंत झालेली दिसते, त्याचे मोठे कारण हप्ता चुकवता येत नाही हे आहे. घराचा परतावा फार मोठा असतो असे नाही, हप्ता माणसाला बचत करायला भाग पाडतो.

आपण कोणत्या गटात मोडतो हे तर्काने ठरवू नये, करून पाहावे. बँकेत स्थायी सूचना देऊन पगाराच्या दुसऱ्या दिवशी ३१,००० रुपये वेगळ्या खात्यात किंवा फंडात वळते करावेत आणि बारा महिने त्याला हात लावू नये. दिवाळी, लग्नसराई, शाळेची फी आणि एखादे आजारपण या सर्वांतून वर्ष पार पडले, तर दोन गोष्टी कळतात. हा हप्ता आपल्याला झेपतो, आणि घर नाही घेतले तरी आपण शिस्तीने भाड्यावर राहू शकतो. शिवाय पावणेचार लाखांच्या आसपास रक्कम साठते ती वेगळीच. चौथ्या-पाचव्या महिन्यातच पैसे परत काढावे लागले, तर साठ लाखांचे कर्ज आज आपल्यासाठी नाही. तेवढे कळण्याची किंमत शून्य रुपये असते.

पाचवी पायरी: दर वाढल्यास काय होईल हे पाहणे

गृहकर्जे बहुधा बदलत्या दराची असतात, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे बाह्य मानदंडाला जोडलेली असतात, बहुधा रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेक कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबत गेली. आपल्या उदाहरणात हे काय रूप घेईल, ते स्प्रेडशीटमध्ये स्वतः तपासता येते. पहिले सूत्र हप्ता काढते, दुसरे दर दहा टक्के झाल्यास त्याच हप्त्याने कर्ज फिटायला किती महिने लागतील ते सांगते.

```
=PMT(8%/12,240,-6000000)
=NPER(10%/12,-50186,6000000)
```

दुसऱ्या सूत्राचे उत्तर सुमारे ६७४ महिने येते, म्हणजे छप्पन वर्षे. कारण साठ लाखांवर दहा टक्क्यांनी महिन्याचे व्याजच ५०,००० होते आणि हप्ता ५०,१८६ आहे, मुद्दलाला उरतात १८६ रुपये. प्रत्यक्षात बँक इतकी मुदत देत नाही, ती हप्ता वाढवायला सांगते. वीस वर्षांतच कर्ज फेडायचे, तर दहा टक्क्यांना हप्ता ५७,९०० होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, असे सांगितले आहे. तो पर्याय वापरण्यासाठी बँकेचे पत्र किंवा संदेश वाचावा लागतो. दर वाढल्यानंतरच्या महिन्यात हप्ता तसाच असेल, तर आनंद मानू नये, कर्जाचे विवरणपत्र काढून उरलेले हप्ते मोजावेत.

याच टप्प्यावर एका पगाराची परीक्षाही घ्यावी. उदाहरणातल्या जोडप्यापैकी ८५,००० मिळवणाऱ्याची नोकरी गेली, तर हातात ६५,००० येतील आणि हप्ता, घराचा खर्च व घरखर्च मिळून १ लाख ६ हजार लागतील. महिन्याची तूट ४१,०००. पाच लाखांची शिल्लक बारा महिने पुरते. हे सुरक्षित आहे का? मला ते जेमतेम वाटते, कारण घर घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच पडदे, गॅलरीची जाळी आणि गळणारे स्नानगृह यांत लाख-दीड लाख उडतात. यातून मार्ग असा: सजावटीचे साडेतीन लाख पुढे ढकलून ओटा आणि रंग एवढेच करावे, किंवा तालमीचे एक वर्ष पूर्ण करून जमलेली रक्कम राखीव ठेवावी. हाताशी काहीच न ठेवता सगळी शिल्लक घरात ओतून कर्ज पाच लाखांनी कमी करणे, हा शहाणपणा वाटणारा पण महागात पडणारा निर्णय आहे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. त्यामुळे राखीव रक्कम नको वाटली, तर ती पुढे केव्हाही कर्जात भरता येते. भरलेले पैसे मात्र सहसा परत मागता येत नाहीत. दरवर्षी एक जादा हप्ता भरला, तरी वीस वर्षांचे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते.

भाड्याने राहायचे ठरले, तर

भाड्याची खरी अडचण पैशाची नसते, अकरा महिन्यांच्या अनिश्चिततेची असते. मालकाने घर विकायला काढले की मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर सामान बांधावे लागते. यावर उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचाच असावा, असा कायदा नाही. महाराष्ट्रात तो कितीही मुदतीचा असला तरी नोंदवावा लागतोच, मग छत्तीस महिन्यांचा करार मागावा. त्यात दरवर्षीची वाढ आधीच लिहून घ्यावी, आणि मालकानेही ठरावीक काळ घर रिकामे करून मागू नये, अशी अट घालावी. बहुतेक छापील मसुद्यांत बांधिलकी फक्त भाडेकरूवर असते, ते वाक्य बदलून घ्यावे. चांगल्या भाडेकरूला तीन वर्षे टिकवण्यात मालकाचाही फायदा असतो, दलाली आणि रिकाम्या महिन्यांचे भाडे वाचते.

बांधकाम चालू असलेले घर

याच पैशात नवे घर मिळेल म्हणून बांधकाम चालू असलेल्या इमारतीकडे वळावेसे वाटते. त्यावर पाच टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ८० लाखांवर चार लाख. इमारत राहण्यायोग्य असल्याचे महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही. किंमत ४५ लाखांच्या आत आणि क्षेत्र मर्यादित असेल, तर दर एक टक्का असतो, पण आपले उदाहरण त्यात बसत नाही. खरी झळ दुहेरी खर्चाची असते. बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते, सोडलेल्या रकमेवरचे व्याज आपण भरत राहतो, मुद्दल तसूभरही कमी होत नाही आणि आजच्या घराचे भाडे चालूच राहते. सरासरी तीस लाख सोडलेले असतील, तर महिन्याला वीस हजार व्याज आणि पंचवीस हजार भाडे, असे दोन वर्षे चालले की चार लाख ८० हजारांचे व्याज राहायला न मिळालेल्या घरापोटी जाते. ताबा एक वर्ष लांबला, तर काय होईल हा आकडा आधी काढावा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ आणि वाढवून घेतलेली पूर्तता तारीख दोन्ही दिसतात. एकदा मुदत वाढवलेल्या प्रकल्पाची दुसरी तारीखही मी आश्वासन म्हणूनच वाचतो.

शेवटची पायरी: भाव तपासणे आणि टोकन

हिशेब घराच्या बाजूने लागला, तर भाव ठरवण्यापूर्वी त्याच इमारतीतले नोंदलेले व्यवहार पाहावेत. नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक दोनच्या नोंदी पाहता येतात. त्यांत मोबदल्याची रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख असते. दलाल सांगतो तो भाव ‘मागणीचा’ असतो, नोंदीत दिसतो तो कागदावरचा. तुलना करताना दोन्हीकडे चटई क्षेत्रच, म्हणजे घराच्या आतले वापरायला मिळणारे क्षेत्र, धरावे, कारण जुन्या करारांत बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अपचे आकडे सर्रास सापडतात. शेजारच्या तीन-चार सदनिकांचे अलीकडचे व्यवहार ७४ ते ७६ लाखांचे असतील, तर ८० लाखांवर घासाघीस करायला हातात कागद येतो. उदाहरणातल्या जोडप्याला घर ७५ लाखांना मिळाले, तर कर्ज तेवढ्याने घटते आणि वरची सारी गणिते त्यांच्या बाजूला सरकतात.

कागदपत्रांत तीन गोष्टींवर वकिलाकडून लेखी मत घ्यावे: मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद निर्दोष आहेत, असा समज धोक्याचा आहे. बँकेचा वकील बँकेच्या पैशाची काळजी घेतो, आणि साठ लाख वसूल होण्याइतपत घर चांगले असणे व ते आपल्यासाठी निर्वेध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला वकील वेगळाच हवा, त्याची फी या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च असतो.

टोकन देण्याची घाई सहसा दलाल करतो. टोकन एक लाखापेक्षा जास्त देऊ नये, ते धनादेशाने किंवा बँकेतून द्यावे, आणि पावतीवर दोन वाक्ये लिहून घेतल्याखेरीज देऊ नये. पहिले असे की ठरावीक रकमेचे गृहकर्ज ठरावीक दिवसांत मंजूर न झाल्यास टोकन पूर्ण परत मिळेल. दुसरे असे की मालकी हक्काच्या शोधात दोष निघाल्यास ते परत मिळेल. विक्रेत्याने ही वाक्ये लिहून द्यायला नकार दिला, तर त्याच दिवशी तिथून उठावे आणि महिन्याच्या ३१,००० रुपयांची तालीम पुढे चालू ठेवावी.